गुळाचा आजचा भाव, आजच्याच सायंकाळपर्यंत: कोटेशन देण्याची पद्धत

कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे सकाळी होतात आणि दुपारपर्यंत त्या दिवसाचा भाव सर्वांना कळलेला असतो. तो भाव पाहून मुंबईचा किरकोळ दुकानदार, पुण्याचा चिक्कीवाला किंवा गुजरातचा साठवणूकदार तुम्हाला विचारतो, "आज काय दराने द्याल?" या प्रश्नाचे उत्तर फोनवर एका आकड्यात देऊन टाकणे ही या धंद्यात नव्याने उतरलेल्या माणसाची पहिली सवय असते. दुसऱ्या दिवशी सौद्यात भाव चढतो, समोरचा माणूस कालच्या आकड्याला होकार कळवतो आणि मग तो आकडा नेमका किती वेळासाठी होता यावर वाद सुरू होतो. हा वाद व्हायलाच नको, यासाठी कोटेशन कसे बांधावे, त्यात होकाराची वेळ कशी घालावी आणि ती वेळ टळल्यावर काय करावे, हे या लेखात क्रमाने लिहिले आहे. हा लेख यार्डात माल घेऊन बाहेरगावी विकणाऱ्यांसाठी आहे. तथापि स्वतःचे गुऱ्हाळ चालवून थेट विक्री करणाऱ्यालाही यातील बहुतेक भाग लागू पडेल.

सुरुवात करण्यापूर्वी पुढील गोष्टी हाताशी असू द्या: बाजार समितीचा परवाना, अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक, जीएसटी नोंदणी असल्यास तिचा क्रमांक, छापील क्रमांक असलेले कोटेशन पुस्तक किंवा त्याच क्रमाने ठेवलेली संगणकावरील नोंद, त्या दिवसाची अडत्याची पट्टी, आणि धंद्यासाठी स्वतंत्र ठेवलेला एकच मोबाईल क्रमांक. यातील शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण होकार कोणत्या क्रमांकावर आला तर ग्राह्य धरायचा हे आपल्याला लिहून द्यायचे असल्याने तो क्रमांक एकच असणे फार सोयीचे पडते.

१. भाव कोणत्या मालाचा, हे आधी ठरवा

"कोल्हापुरी गूळ, एक नंबर" एवढ्या वर्णनावर दिलेला भाव हा खरे तर कशाचाच भाव नसतो. एकाच सकाळी, एकाच दुकानात शेजारी शेजारी मांडलेल्या दोन थप्प्यांच्या भावात क्विंटलमागे काही शे रुपयांचा फरक असू शकतो आणि तो रंग, कडकपणा, खडा आणि चव यांवर ठरतो. म्हणून कोटेशनमध्ये थप्पी ओळखता येईल अशी माहिती लिहा: रव्याचे माप (तीस, दहा, पाच किलो किंवा एक किलोचे बॉक्स), रंग, कडक की मध्यम, अडत दुकानातील लॉटचा क्रमांक आणि रव्यांची संख्या.

नमुन्याचे छायाचित्र पाठवायचे असेल तर ते दिवसाच्या उजेडात, रवा फोडून, आतील बाजूचे घ्या. गोदामातील पिवळ्या दिव्याखाली तांबूस गूळही सोनेरी दिसतो आणि माल पोचल्यावर समोरचा माणूस तुमच्याच छायाचित्राचा दाखला देतो. फोडलेल्या तुकड्याची कड स्वच्छ तुटलेली असेल, आत बारीक खडा चमकत असेल आणि अंगठ्याने दाबल्यावर ठसा उमटत नसेल, तर तो माल लांबच्या प्रवासाला टिकतो. ज्याच्या कडेला बोट लावले की चिकटते तो दोन दिवसांच्या प्रवासात, विशेषतः हवा दमट असेल तर, पाझरू लागतो. असा माल विकू नये असे नाही, पण त्याचा भाव वेगळा असतो आणि त्याची मुदतही तेवढीच आखूड हवी.

"कोल्हापुरी" हा शब्दसुद्धा जपून वापरा. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सीमेपलीकडून यार्डात विक्रीला आलेला गूळ गुणाने चांगला असला तरी त्याला या नावाने भाव देणे चुकीचे आहे.

२. सौद्याच्या भावावरून तुमचा भाव काढा

सौद्यात पुकारलेला भाव म्हणजे तुमचा खरेदी खर्च नव्हे. त्यावर बाजार फी, हमाली, तोलाई आणि पट्टीवर जे इतर आकार लागलेले असतील ते येतात. मग गोणपाट, बांधणी आणि गाडी भरण्याची मजुरी असते. वाटेत आणि गोदामात होणारी घट वेगळी. शेवटी तुमचा नफा. हे सर्व आकडे क्विंटलमागे काढून एका कागदावर मांडा आणि तो कागद कोटेशनच्या प्रतीला टाचून ठेवा, म्हणजे पुढे घासाघीस झाली तर कोठपर्यंत खाली येता येईल हे डोक्यात हिशेब न करता कळते.

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत, ते कोणत्याही विशिष्ट दिवसाचे बाजारभाव नाहीत. तीस किलोचे तीनशे रवे, म्हणजे नव्वद क्विंटल माल आहे. सौद्याचा भाव क्विंटलला ४,२०० रुपये, यार्डातील सर्व आकार मिळून १४०, गोणपाट आणि भराई ५०, घट २० आणि नफा ६०. बेरीज ४,४७० रुपये होते. हा भाव "कोल्हापुरात गाडीत भरून" असा द्यावा आणि गाडीभाडे वेगळे दाखवावे, कारण भाडे आपल्या हातात नसते. गाडीवाल्याने सकाळी सांगितलेले भाडे संध्याकाळी बदलते आणि मालाच्या भावात ते मिसळलेले असेल तर तो बदल आपल्या नफ्यातून जातो.

वजनाबाबतही आधीच लिहा. तीस किलोचा रवा नेमका तीस किलोचा नसतो, थोडा इकडेतिकडे असतो. "बिल कोल्हापूर काट्यावरील प्रत्यक्ष वजनावर होईल" हे एक वाक्य घातले की पोचलेल्या गावच्या काट्याशी तुलना करून रक्कम कापण्याचा प्रश्न बराचसा मिटतो.

कराचा एक सापळा येथे सांगून ठेवतो. जुलै २०२२ पासून पंचवीस किलोपर्यंतच्या, आधीच बांधून लेबल लावलेल्या गुळावर पाच टक्के जीएसटी लागू झाला. त्यामुळे तीस किलोच्या खुल्या रव्याचा आणि एक किलोच्या लेबल लावलेल्या बॉक्सचा हिशेब एकसारखा होत नाही. एकाच कोटेशनमध्ये दोन्ही माल असतील तर करासह की कराशिवाय हे प्रत्येक ओळीत लिहा आणि तुमच्या मालाला काय लागू होते हे कर सल्लागाराकडून एकदा निश्चित करून घ्या.

३. होकाराची वेळ मागून पुढे नव्हे, पुढून मागे मोजा

सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. बहुतेक नवे व्यापारी "आज संध्याकाळपर्यंत" असे लिहितात. संध्याकाळ म्हणजे कोणासाठी दुकान बंद होण्याची वेळ, तर कोणासाठी रात्रीचे जेवण. वेळ घड्याळाचीच हवी, आणि ती मनाला येईल तशी ठरवून चालत नाही. उद्या सकाळी सौदे सुरू होण्यापूर्वी तुम्हाला कोणकोणती कामे उरकायची आहेत, ती शेवटाकडून सुरुवातीकडे मोजत या.

समजा माल अजून अडत्याच्या दुकानातच आहे आणि त्याने तुम्हाला शब्द दिला आहे की, "साडेसहापर्यंत हा लॉट दुसऱ्याला देत नाही." म्हणजे साडेसहाच्या आत तुम्हाला त्याला पक्के सांगायचे आहे. त्याआधी इसाराची रक्कम तुमच्या खात्यात जमा झालेली दिसली पाहिजे, म्हणून इसाराची वेळ सहा. इसार भरायला समोरच्याला तासभर लागतो असे धरले तर होकाराची वेळ पाच. अशा रीतीने पाच ही वेळ निघते. अडत्याने फक्त चारपर्यंतच माल धरून ठेवला असेल, तर तुमच्या होकाराची वेळ अडीच होते, मग ग्राहकाला ते कितीही घाईचे वाटो. आपल्याला स्वतःला जेवढ्या वेळापुरता माल धरून मिळालेला आहे त्याहून जास्त वेळ दुसऱ्याला देणे म्हणजे जो माल आपला नाही त्याचा भाव देणे होय.

माल स्वतःच्या गोदामात, पैसे देऊन घेतलेला असेल तर अशी घाई नाही असे वाटते. "भाव वाढला तरी माझा माल जुन्याच भावाचा आहे, माझे काय जाते?" असे अनेकजण म्हणतात. जाते ते असे की, तो माल गेल्यावर रिकामी जागा तुम्हाला उद्याच्या भावाने भरायची आहे. क्विंटलला साठ रुपये नफा धरून विकले आणि भरताना शंभर रुपये जास्त मोजावे लागले, तर धंदा चालू ठेवण्यासाठी चाळीस रुपये पदरचे गेले. म्हणून गोदामातील मालालाही आजच्याच दिवसाची मुदत ठेवा.

मुदत रात्री उशिरापर्यंत का नसावी, याचे कारण वेगळे आहे. मुदतीचा प्रत्येक जादा तास समोरच्याला फुकट मिळालेला असतो. त्या तासांत तो इतर चार दुकानदारांना विचारतो आणि सौद्याचा कल पाहतो. भाव चढेल असे दिसले की तुमचा भाव त्याला मान्य असतो आणि उतरेल असे दिसले की तो गप्प बसतो. यात त्याचा दोष नाही, कोणीही शहाणा खरेदीदार हेच करेल. मात्र ती सवलत त्याला किती वेळ द्यायची हे ठरवणे आपले काम आहे.

इसाराची वेळ कमी ठेवली की "बँक बंद झाली" असे उत्तर हमखास येते. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून दिवसाचे चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालू आहेत. त्यामुळे हे कारण आता मान्य करण्याची गरज नाही. पैसे पाठवल्याचे छायाचित्र म्हणजे इसार नव्हे. खात्यात जमा दिसेल तेव्हाच इसार मिळाला असे समजा.

४. कोटेशनचा मजकूर लिहा

मजकूर लांब नको, पण त्यातील प्रत्येक ओळ कामाची हवी. वरच्या उदाहरणासाठी मी असा लिहीन:

> कोटेशन क्र. ११८. मंगळवार, दुपारी १२.३० वाजता दिले.
> माल: गूळ, ३० किलो रवा, पिवळा, कडक, लॉट क्र. ७, रवे ३००, अंदाजे ९० क्विंटल.
> भाव: ४,४७० रुपये प्रति क्विंटल, कोल्हापुरात गाडीत भरून. गाडीभाडे वेगळे. बिल कोल्हापूर काट्यावरील प्रत्यक्ष वजनावर.
> मुदत: हा भाव आज सायंकाळी ५.०० वाजेपर्यंतच लागू आहे. कोटेशन क्रमांकासह लेखी होकार ५.०० च्या आत आमच्या याच व्हॉट्सॲप क्रमांकावर पोचला पाहिजे. फोनवरील होकार ग्राह्य नाही.
> इसार: ४०,००० रुपये, आज ६.०० वाजेपर्यंत खात्यात जमा. इसार न आल्यास होकार रद्द समजला जाईल.
> हाच माल इतरांनाही दाखवला आहे. पहिल्या होकाराला प्राधान्य, माल शिल्लक असेपर्यंत.
> वाद झाल्यास न्यायक्षेत्र कोल्हापूर.

यातील "पहिल्या होकाराला प्राधान्य" ही ओळ कधीही वगळू नका. एकच लॉट चौघांना दाखवणे ही यार्डातील रोजची गोष्ट आहे, पण ती ओळ नसेल आणि चौघांपैकी दोघांचे होकार मुदतीच्या आत आले, तर दोघांनाही माल देण्याचे बंधन तुमच्यावर येऊ शकते. पहिला होकार आला की त्याच क्षणी उरलेल्या तिघांना "कोटेशन मागे घेतले आहे" असे लिहून कळवा.

"उत्तर न आल्यास मान्य समजू" असे वाक्य काही जुन्या छापील कोटेशनांत दिसते. त्याचा उपयोग नाही. समोरच्याच्या मौनाला आपण एकतर्फी होकार ठरवू शकत नाही, त्यामुळे ते वाक्य पाहून गाडी भरायला घेऊ नका.

५. खरा होकार कोणता, हे ओळखा

येथे थोडे कायद्याचे पाहावे लागते, कारण भारतीय करार कायदा, १८७२ मधील मोजकी कलमे आपल्या रोजच्या व्यवहाराला अगदी नेमकी लागू पडतात.

प्रस्तावात वेळ घातलेली असेल आणि ती वेळ संपली, तर प्रस्ताव आपोआप संपतो, असे कलम ६ सांगते. म्हणजे पाच वाजून गेल्यावर तुम्ही "रद्द" असे कळवले नसले तरी भाव शिल्लक राहत नाही. कलम ५ प्रमाणे मुदत संपण्याच्या आधीही प्रस्ताव मागे घेता येतो, पण होकार येण्याच्या आत. शिवाय तो मागे घेतल्याचे समोरच्याला कळलेले असले पाहिजे. म्हणून दुपारी तीन वाजता भाव मागे घ्यायचा झाला तर संदेश पाठवून थांबू नका. फोन करून सांगा आणि मग संदेशात "आताच फोनवर कळवल्याप्रमाणे" असे लिहा. अर्थात कायद्याने मुभा असली तरी दिलेला भाव वारंवार मागे घेणाऱ्याकडे पुन्हा कोणी विचारत नाही, म्हणून मी हे माल विकला गेल्याखेरीज करत नाही.

होकार हा पूर्ण आणि विनाअट असावा लागतो, हे कलम ७ मध्ये आहे. "मान्य, पण पैसे आठ दिवसांनी" हा होकार नाही. "ठीक आहे, पन्नास कमी करा" हाही नाही. हे नवे प्रस्ताव आहेत, आणि ते आल्याने तुमचा मूळ प्रस्ताव फेटाळला गेला असे धरले जाते. मूळ भाव अजून द्यायचा असेल तर तसे तुम्हाला पुन्हा लिहावे लागते.

याच कलमाचा दुसरा भाग फार थोड्यांना ठाऊक असतो आणि तोच जास्त महाग पडतो. होकार कोणत्या पद्धतीने द्यायचा हे तुम्ही लिहिले असेल आणि समोरच्याने तो वेगळ्या पद्धतीने दिला, तर वाजवी वेळेत "सांगितलेल्या पद्धतीनेच द्या" असा आग्रह तुम्ही धरू शकता. तो आग्रह धरला नाही, तर तुम्ही वेगळ्या पद्धतीचा होकार स्वीकारला असे होते. म्हणजे कोटेशनमध्ये "फोनवरील होकार ग्राह्य नाही" असे छापलेले असताना कोणी साडेचार वाजता फोनवर "पक्के करा" म्हणाला आणि तुम्ही "बरं, बघतो" म्हणून फोन ठेवला, तर छापलेल्या ओळीचा आधार गेला. अशा वेळी तत्काळ एक संदेश पाठवा: "आपला फोन मिळाला. कोटेशन ११८ साठी लेखी होकार ५.०० च्या आत पाठवावा, त्याशिवाय माल राखून ठेवता येणार नाही."

फोनवरचा सौदा कोठे पक्का झाला, हा प्रश्न १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता, आणि तोही अहमदाबाद व खामगाव यांच्यातील सरकीच्या पेंडीच्या व्यवहारात. बहुमताचा निर्णय असा होता की, टेलिफोनवर प्रस्ताव देणाऱ्याला जेथे होकार ऐकू येतो तेथे करार होतो. पत्राने दिलेल्या होकाराचा नियम वेगळा आहे. तो टपालात टाकताच प्रस्ताव देणाऱ्यावर बंधनकारक होतो. म्हणूनच वरच्या मजकुरात "पाठवला पाहिजे" न लिहिता "आमच्या क्रमांकावर पोचला पाहिजे" असे लिहिले आहे. समोरच्याच्या गावात नेटवर्क नसल्याने त्याचा संदेश पाचऐवजी साडेपाचला पोचला, तर काय धरायचे याचे उत्तर त्या एका शब्दात असते.

६. एका दिवसाचा व्यवहार सुरुवातीपासून पाहा

वरचेच कोटेशन अहमदाबादच्या एका खरेदीदाराला मंगळवारी साडेबाराला गेले असे धरू. चार वाजून चाळीस मिनिटांनी त्याचे उत्तर येते: "४,४२० ला पाठवा, आजच गाडी लावा." वाचताना तो होकारासारखा वाटतो, कारण त्यात गाडी लावण्याची आज्ञा आहे. पण भाव बदललेला आहे, तेव्हा हा नवा प्रस्ताव झाला. नव्वद क्विंटलला पन्नास म्हणजे साडेचार हजार रुपये. आपला एकूण नफा पाच हजार चारशे. हाती केवळ नऊशे उरतात. तुम्ही उत्तर द्यायचे ते असे: "४,४२० मान्य नाही. कोटेशन ११८ मधील ४,४७० हा भाव आज ५.०० पर्यंत पुन्हा देत आहे." यात "पुन्हा देत आहे" हे शब्द मुद्दाम आहेत, कारण पहिला प्रस्ताव त्याच्या घासाघिशीने संपला होता.

पाच वाजतात. उत्तर नाही. पाच वाजून पाच मिनिटांनी मी नेहमी एक ओळ पाठवतो: "कोटेशन ११८ ची मुदत संपली आहे. उद्याच्या सौद्यानंतर नवा भाव कळवू." कायद्याने याची गरज नाही, तरीही पाठवतो, कारण त्यामुळे पुढचा संवाद स्वच्छ राहतो. आता अडत्याला फोन करून लॉट मोकळा करा. तो साडेसहापर्यंत माल धरून थांबला आहे, आणि आपण वेळेत मोकळा केला तर उद्या पुन्हा धरून ठेवतो.

पाच वाजून वीस मिनिटांनी संदेश येतो: "४,४७० मान्य. इसार पाठवतो." मोह येथे होतो. वीसच मिनिटे झाली, माणूस चांगला आहे, माल अजून अडत्याकडे पडून आहे. आता दोनच रस्ते आहेत. अडत्याकडे लॉट अजून मिळत असेल आणि तुम्हाला तो भाव आजही परवडत असेल, तर नवे कोटेशन द्या, क्र. ११९, तोच भाव, मुदत सहा वाजेपर्यंत आणि इसार सव्वासहापर्यंत. लॉट गेला असेल किंवा सौद्याचा कल चढा असेल, तर "मुदत संपली, उद्या कळवतो" एवढेच लिहा. जे करू नये ते म्हणजे जुन्याच कोटेशनखाली "चालेल" असे लिहिणे. त्या एका शब्दाने "पाच म्हणजे साडेपाचही चालतात" अशी वहिवाट पडते आणि पुढच्या वेळी तो माणूस रात्री नऊला होकार कळवेल.

समजा तुम्ही काहीच लिहिले नाही, त्याने रात्री इसार पाठवला, तुम्ही तो ठेवून घेतला आणि बुधवारी सकाळी सौद्यात त्याच प्रतीचा भाव १२० रुपयांनी चढला. आता तो ४,४७० ला माल मागेल आणि इसार तुमच्या खात्यात असल्याने त्याचे म्हणणे बळकट होईल. नव्वद क्विंटलला दहा हजार आठशे रुपये जास्त देऊन माल घ्यावा लागेल. ५,४०० चा नफा गेला आणि वर ५,४०० खिशातून गेले. म्हणून मुदतीनंतर आलेला इसार त्याच दिवशी परत पाठवा आणि परत पाठवल्याचा व्यवहार क्रमांक त्याला कळवा.

७. भाव उतरला तरी मुदत तीच ठेवा

बुधवारी भाव चढण्याऐवजी शंभर रुपयांनी उतरला असता, तर उशिरा आलेला तो होकार तुम्हाला फार गोड वाटला असता. जुन्या चढ्या भावाने माल गेला असता. अशा वेळी उशिराचा होकार मुकाट्याने स्वीकारणे आणि तेजीत मात्र घड्याळ दाखवणे, हे खरेदीदाराच्या लगेच लक्षात येते. मंदीतही "मुदत संपली आहे, आजचा नवा भाव ४,३७० आहे" असे कळवणारा विक्रेता त्याला तेजीतही खरा वाटतो. मला जे गुजरातचे खरेदीदार पाच वाजण्याच्या आत न चुकता उत्तर देतात, त्यांच्याशी हे असेच बसलेले आहे.

८. सौदे नसलेल्या दिवशी आणि पाडव्याला

सुटी, हमालांचा संप किंवा आवक नसल्याने सौदे बंद असतील, त्या दिवशी आदल्या दिवसाचा भाव आपोआप पुढे चालू राहतो असे खरेदीदार धरून चालतात. तसे नसते. सौदे उघडतील तेव्हा दोन दिवसांची आवक एकदम येऊन भाव उतरू शकतो किंवा अडलेली मागणी एकदम येऊन चढू शकतो. अशा दिवशी केवळ गोदामातील, पैसे देऊन झालेल्या मालाचे कोटेशन द्या, रव्यांची संख्या लिहा आणि होकाराची वेळ दुपारची ठेवा. अडत्याकडील मालाचे देऊ नका.

दिवाळी पाडव्याला नव्या हंगामाचा मुहूर्ताचा सौदा होतो. त्या दिवशीच्या पहिल्या रव्यांना मानाचा भाव मिळतो आणि तोच आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येतो. बाहेरगावचा खरेदीदार तो वाचून तुम्हाला विचारतो, तर कधी गुऱ्हाळवाला त्याच भावाची अपेक्षा धरतो. मुहूर्ताच्या भावावरून कोटेशन बांधू नका. त्यानंतर नियमित सौदे सुरू होऊन आवक स्थिरावेपर्यंत मुदत पाचऐवजी दुपारी तीनची ठेवावी, कारण हंगामाच्या तोंडावर एका दिवसातली हालचाल मोठी असते.

९. नोंद ठेवा

दर कोटेशनसाठी एका ओळीत क्रमांक, दिल्याची वेळ, मुदत, होकार पोचल्याची वेळ, इसार जमा झाल्याची वेळ आणि दुसऱ्या दिवशीचा सौद्याचा भाव लिहा. व्हॉट्सॲपवरील संभाषण पुसू नका आणि फोन बदलताना त्याची प्रत काढून ठेवा. इलेक्ट्रॉनिक संदेशांतून झालेला करार केवळ तेवढ्या कारणाने अमान्य ठरत नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मध्ये आहे, पण तो दाखवायला संदेश शिल्लक असावे लागतात. हंगामाच्या अखेरीस ही वही चाळली की कोणता खरेदीदार भाव चढतानाच होकार देतो आणि कोणता रोज नियमाने देतो, हे शेवटच्या रकान्यावरून दिसते. पहिल्या प्रकारच्या माणसाला पुढच्या हंगामात होकाराची वेळ दोन तासांची द्यावी आणि इसार वाढवून मागावा.